काडीला फ्रेंडशिप डेचा मेसेज लिहिताना

ऑगस्टचा पहिला रविवार म्हणजे माझ्या फोनची स्टोरेज भरायचा दिवस. त्यात युनोने 2011 साली 30 जुलै हा आंतरराष्ट्रीय मैत्री दिन ठरवून टाकलाय, त्यामुळे काही हौशी मंडळी तीस तारखेलाच सुरू होतात ते रविवारपर्यंत थांबत नाहीत. सूर्योदय, गुलाब, दोन चहाचे कप, हातात हात, खाली चार ओळी. मला फॉरवर्डचा राग नाही हं, सोसायटीतल्या काकूंनी गुलाब पाठवला की मी पण गुलाब पाठवते, तो एक प्रकारचा नमस्कार आहे, त्यात काही वाईट नाही. पण या वेळी 3 ऑगस्टच्या आधी सहज माझं आणि काडीचं चॅट वर वर स्क्रोल करत गेले आणि गंमत वाटली. काडी म्हणजे माझी पाचवीपासूनची मैत्रीण, सातारची, आता नाशिकला असते. काडी हे तिचं नाव नाही, अंगकाठीवरून मीच पाडलंय, आणि तिने मला ढमी केलंय, का ते सांगायला नको. तर दर वर्षीच्या त्या रविवारी दोघींनी एकमेकींना फॉरवर्ड पाठवलेलं, आणि एका वर्षी तर दोघींनी एकच. सेम टू सेम. दोन्हीवर ते दुहेरी बाणाचं चिन्ह, म्हणजे आमच्यापर्यंत यायच्या आधी तो मेसेज पाच-सहा हातांतून तरी फिरून आलेला.

म्हणलं या वर्षी हिला स्वतः लिहायचं. एक मेसेज, एका माणसाला. कसा लिहिला ते इथे सांगते, कारण वाटतं तितकं सोपं नसतं ते, आणि मी काही लेखिका वगैरे नाही, बँकेत काम करते.

पहिला मसुदा लिहिला तो असा होता. "प्रिय सखी, मैत्री हे असं नातं आहे जे रक्ताचं नसूनही रक्तापेक्षा जवळचं असतं. सुखात दुःखात तू नेहमी माझ्या पाठीशी उभी राहिलीस. तुझ्यासारखी मैत्रीण मिळायला भाग्य लागतं. अशीच कायम हसत राहा." सगळं माझ्या हाताने टाइप केलेलं, कुठून कॉपी केलेलं नाही, आणि तरी वाचल्यावर गुलाबच दिसायला लागला डोळ्यांसमोर. कारण शब्द माझे असले तरी वाक्यं वर्षानुवर्षं वाचलेल्या फॉरवर्डमधूनच आलेली. बोटांना तीच सवय लागलेली असते. आणि "प्रिय सखी" तर मी काडीला जन्मात म्हणले नाहीये, तिने ते वाचून आधी फोन करून विचारलं असतं की बरी आहेस ना.

मग मी एक साधी गोष्ट केली. एकेक वाक्य घ्यायचं आणि विचारायचं की हे मी ऑफिसातल्या शेजारच्या टेबलवालीला पाठवू शकते का. "भाग्य लागतं", हो पाठवू शकते. "पाठीशी उभी राहिलीस", तिलाही चालेल, ऑडिटच्या वेळी ती खरंच उभी राहिली होती. "हसत राहा", अख्ख्या जगाला चालेल. जे जे दुसरीला चाललं ते उडवलं. शेवटी काय उरलं तर काहीच नाही, अगदी एक शब्द नाही. मग वर "ए काडे" एवढं लिहिलं आणि ते मात्र दुसऱ्या कुणाला पाठवता येणार नव्हतं. म्हणजे सुरुवात तरी झाली.

दुसऱ्या मसुद्यात मी आठवणी ओतल्या. आठवतं का गं ते चिंचा-बोरं, आठवतं का राजवाड्यासमोरचा बर्फाचा गोळा, आठवतं का रविवारी सकाळी टीव्हीसमोर सगळी गल्ली, आठवतं का स्लॅमबुक, फ्रेंडशिप बँड दंडापर्यंत बांधून फिरणं, एसटीडी बूथवर रेट उतरायची वाट बघत थांबणं. लिहिताना भारी वाटत होतं, अर्धा तास असाच गेला. पण पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की हे पण एक फॉरवर्डच आहे, "ते दिवस" नावाचं, आपल्या वयाच्या प्रत्येकाच्या फोनवर येऊन गेलेलं. चिंचा सगळ्यांनीच खाल्ल्या. एसटीडी बूथ सगळ्यांचाच होता. त्या आमच्या पिढीच्या आठवणी होत्या, आमच्या दोघींच्या नव्हत्या. माझ्या मते इथेच बहुतेक लोक फसतात, की जुनं काहीतरी लिहिलं म्हणजे आपोआप जवळचं झालं असं वाटतं. आणि "आठवतं का" सात वेळा आलं की समोरच्याला तोंडी परीक्षा दिल्यासारखं होतं.

मग मी मुद्दाम उलटं गेले. जी आठवण तिसऱ्या माणसाला सांगायला गेलं तर आधी पाच मिनिटं संदर्भ द्यावा लागेल अशीच एक घ्यायची, आणि एकच. फोन बाजूला ठेवला आणि कागदावर नुसते शब्द लिहीत गेले. पैठणी, चेन, भूमितीच्या बाई, काकूंचं लोणचं, इनलँड, अजिंक्यताऱ्यावर हरवलेली चप्पल. यातली चप्पल मजेशीर होती पण त्या दिवशी वर्गातल्या अजून चौघीजणी होत्या, त्यामुळे ती काढली. लोणचं बाजूला ठेवलं. पैठणी आणि चेन मात्र घट्ट धरून ठेवलं.

ते प्रकरण असं. आठवीच्या गॅदरिंगला छोट्याशा नाटकात मी जिजाऊ होते, आणि शेजारच्या वहिनींची पैठणी उसनी मागून आणलेली. काडीचा त्याच दिवशी समूहगीतात पहिल्या रांगेत नंबर लागलेला आणि तिचे आईवडील खास बघायला येणार होते. आम्ही डबलसीट निघालो, ती सायकल चालवत आणि मी कॅरिअरवर पैठणी गुडघ्यापर्यंत गोळा करून, आणि शाळेच्या चढावर चेन पडली. मी खाली उतरले तशी ती म्हणाली तू लांब उभी राहा, हात लावू नकोस, वहिनी जीव घेतील. आणि तिने एकटीने चेन बसवली. लेडीज सायकलला तो पत्र्याचा चेनकव्हर असतो, त्यात बोटं घालून चेन मागच्या चाकावर ओढायची आणि पेडल उलटं फिरवायचं, हात मनगटापर्यंत काळे होतात. पुसायला काही नव्हतं तर तिने स्वतःच्या पांढऱ्या मोज्यांना पुसले. शाळेत पोचलो तर बाईंनी मोजे बघितले, हात बघितले आणि तिला शेवटच्या रांगेत पाठवलं. मी तेव्हा आत दाढीमिशावाल्या मावळ्यांच्या गर्दीत पदर लावून घेत होते, मला हे कळलंच नाही. कितीतरी वर्षांनी तिच्या आईच्या बोलण्यातून कळलं. तिने स्वतःहून कधीच सांगितलं नव्हतं.

आता बघा, पहिल्या मसुद्यात मी लिहिलं होतं "नेहमी पाठीशी उभी राहिलीस". तेच म्हणायचं होतं मला, पण ते वाक्य लिहिल्यावर काडी दिसत नव्हती. काळे मोजे लिहिले की दिसते. म्हणून मी ठरवलं की तिच्याबद्दल एकही विशेषण वापरायचं नाही. गोड नाही, निःस्वार्थी नाही, लाखात एक तर नाहीच. तिने काय केलं तेवढंच लिहायचं.

पण मेसेज फक्त जुन्यातच ठेवला तर एक वेगळीच अडचण येते. असं वाटतं की आपली मैत्रीण आठवीतच थांबलीय आणि आताच्या बाईशी आपली ओळख नाही. बरेचदा जुन्या मैत्रीत हे खरं पण असतं, आणि मग समोरच्याला पण ते टोचतं. म्हणून आत्ताचं काहीतरी पाहिजे. मी आमचे गेल्या महिन्या-दोन महिन्यातले फोन आठवले. एका फोनवर ती तक्रार करत होती की ड्रायव्हिंग क्लास लावलाय आणि क्लच सोडताना गाडी बंद पडते, मागून लोक हॉर्न मारतात, नवरा शेजारी बसून सुस्कारे सोडतो, आता या वयात मला नाही जमणार. मी तेव्हा जमेल गं म्हणून विषय बदलला होता. आणि आता कागदावर "चेन" आणि "क्लच" हे दोन शब्द शेजारी शेजारी दिसले आणि मेसेज तयार झाला. जुनं आणि आत्ताचं जोडणारी एखादी गोष्ट सापडली ना की बाकी सगळं आपोआप येतं, आणि ती सापडत नसेल तर आधी एक साधा फोन करावा हे बरं, विनाकारण, शुभेच्छांचं नावही न काढता. आत्ताचा मालमसाला तिथेच मिळतो.

एक अवघड जागा होती. काडीची आई, म्हणजे आमच्या काकू, या वर्षी फेब्रुवारीत गेल्या. त्यांचा उल्लेख करायचा का नाही यावर मी खूप विचार केला. रविवारी दुपारी चांगल्या मूडमध्ये असलेल्या माणसाला एकदम रडवायचं का. पण मग वाटलं, काकूंशिवाय आमची दोघींची मैत्री लिहायची म्हणजे त्यांचं घर सोडून त्यांच्या अंगणाचं वर्णन करण्यासारखं आहे, आणि तिला पण ते जाणवेल की ढमीने मुद्दाम टाळलं. फक्त "काकूंची खूप आठवण येते, त्या आज असत्या तर" असलं काही लिहायचं नव्हतं, त्यावर ती काय उत्तर देणार, हात जोडलेला इमोजीच येणार. म्हणून काकूंची वस्तू घेतली. त्यांची लोणच्याची चिनी मातीची एक बरणी माझ्याकडे राहिलीय, पिवळी-पांढरी, झाकणाला दोरीने फडकं बांधलेली, त्या दर उन्हाळ्यात "परत आण गं" म्हणायच्या आणि मी नेत नव्हते कारण परत नेली की पुढच्या वेळी भरून मिळायची नाही. ते एवढंच लिहायचं. दुःखाचं नाव नाही काढायचं. आणि ते मेसेजच्या मध्ये टाकायचं, शेवटी नाही.

शेवटाचं कारण सांगते. मेसेजला माणूस उत्तर देतो ते बहुतेक शेवटच्या वाक्याला देतो. शेवटी "कायम सोबत राहा" असेल तर "हो गं तू पण" येतं आणि विषय संपतो. शेवटी बरणी असती तर तिला रडू आलं असतं आणि तिने दोन दिवस उत्तरच दिलं नसतं. म्हणून शेवटी असा एक प्रश्न पाहिजे होता ज्याचं उत्तर फक्त तिच्याकडे आहे आणि जो मला खरंच पडलाय, उगाच विचारायचं म्हणून नाही.

तो प्रश्न इनलँडमध्ये सापडला. बारावीनंतर ती कोल्हापूरला हॉस्टेलला होती आणि मी पुण्याला, तेव्हा आम्ही इनलँड लिहायचो. ज्यांनी ते वापरलं नाही त्यांच्यासाठी, ते निळसर एकच पान असतं, त्यावरच लिहायचं, घड्या घालायच्या आणि कडेच्या पट्ट्यांना लावलेला डिंक ओला करून चिकटवायचं. पाकीट वेगळं नाही, आत दुसरा कागद घालायची परवानगी नाही. त्यामुळे जागा संपली की शहाणी माणसं थांबायची. काडी थांबायची नाही. ती त्या डिंकाच्या पट्टीपर्यंत लिहीत जायची, बारीक बारीक अक्षरात, आणि उघडताना नेमकं तेवढंच फाटायचं. तिच्या बऱ्याच पत्रांचा शेवट मला कधी वाचता आलाच नाही. एका पत्रात तर "बाकी सगळं ठीक, फक्त एक सांगायचं होतं की" असं लिहून पुढे कागदच नाही. ते पत्र माझ्याकडे अजून आहे, मार्कशीटच्या फाइलमध्ये.

तर त्याचा फोटो काढायचा ठरवलं. इथे एक टेक्निकल भाग आहे तो सांगते कारण माझा पहिला फोटो अगदीच वाया गेला. रात्री ट्यूबलाइटखाली काढला तर घड्यांच्या सावल्या पडल्या आणि निळ्या कागदावरची निळी शाई दिसेना. दिवसा खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून, कागदावर वरून सरळ फोन धरून काढला तेव्हा अक्षर दिसलं. आणि व्हॉट्सअॅप फोटो दाबून बारीक करतं, म्हणून पाठवताना वर ते एचडी लिहिलेलं असतं ते दाबायचं, नाहीतर समोरच्याला अक्षराच्या जागी मुंग्या दिसतात. बारीक अक्षर असेल तर फोटो डॉक्युमेंट म्हणून जोडला तरी चालतो, तेव्हा तो आहे तसाच जातो. कोपऱ्याचा वेगळा क्लोजअप पण काढला, फाटलेली कड दिसायला पाहिजे ना, सगळा मुद्दाच तो आहे.

मग मेसेज लिहिला. लिहिला म्हणजे आधी बोलले. स्वयंपाकघरात एकटीच होते तेव्हा व्हॉइस टायपिंग चालू केलं आणि काडी फोनवर आहे असं धरून बोलत सुटले. टाइप करायला बसलं की आपण जरा सभ्य होतो, "तुझी" च्या पुढे "मैत्रीपूर्ण साथ" वगैरे यायला लागतं, बोलताना तसं होत नाही. फोनने "काडे" चं दर वेळी "काढे" केलं, "इनलँड" चं तर काय केलं ते सांगण्यासारखं नाही, पण ते नंतर दुरुस्त केलं. आलेल्या मजकुरातून निम्मं काढून टाकलं. लांब मेसेज असला की व्हॉट्सअॅप मध्येच कापून "रीड मोअर" दाखवतं, आणि लग्नाघरातून किंवा रिक्षातून वाचणारं माणूस ते दाबत नाही. एका स्क्रीनवर मावेल एवढंच ठेवलं.

आणि एक, "हॅपी फ्रेंडशिप डे" वर नाही ठेवलं. त्या दिवशी कुणाचीही नोटिफिकेशन बघा, चाळीस मेसेजेसची पहिली ओळ तीच असते. त्या रांगेत आपला पण गेला तर ती संध्याकाळी सगळे एकदम उघडून सगळ्यांना एकदम अंगठा देणार, मी पण तेच करते. नोटिफिकेशनमध्ये पहिल्या दोन ओळी दिसतात, तिथे काडीला काडी दिसली पाहिजे.

शेवटी गेलेला मेसेज हा.

"ए काडे, त्या दिवशी क्लच सुटत नाही म्हणून रडत होतीस ना, तेव्हापासून मला तुझे काळे हात दिसतायत. माझ्या उसन्या पैठणीला डाग पडू नये म्हणून मला लांब उभं केलंस, एकटीने चेन बसवलीस, मोज्यांना हात पुसलेस आणि शेवटच्या रांगेत जाऊन गायलीस. आणि मला एका शब्दाने बोलली नाहीस. जिला ती चेन बसवता आली तिला क्लच जमत नाही हे मला कुणी सांगू नये, तुझ्या नवऱ्याने तर अजिबात नाही. काकूंची लोणच्याची बरणी अजून माझ्याकडेच आहे, मुद्दाम दिली नाही. ती न्यायला तू स्वतः गाडी चालवत यायचं, कितीही वेळ लागू दे, पुढच्या वर्षी ये. हॅपी फ्रेंडशिप डे गं. आणि आता फोटो बघ. हे तुझं कोल्हापूरचं इनलँड. फक्त एक सांगायचं होतं की, काय?"

यात काही गोष्टी मी लिहून परत काढल्या होत्या. "किती दिवस झाले भेटून" काढलं, कारण त्यात तक्रार येते, आणि मग समोरचा सफाई द्यायला लागतो की अगं सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन होतं. "रिप्लाय नाही दिलास तरी चालेल" पण काढलं, ते तर अजून वाईट. इमोजी एकही ठेवला नाही, तो माझा हट्ट म्हणा. आणि हे शाळेच्या ग्रुपवर टाकलं नाही. स्टेटसला तर नाहीच. ग्रुपवर मी सगळ्यांना एक ओळ टाकली तेवढं पुरे. चारचौघात वाचायला लिहिलेल्या मेसेजमधली बरणी वेगळी होते, तिथे लोक वाह वाह करायला येतात आणि जिच्यासाठी लिहिलं ती गप्प बसते.

वेळेचं सांगायचं तर शनिवारी रात्री बाराला पाठवायचं मनात होतं पण काडी दहाला झोपते, आणि सकाळी नऊ ते बारा गुलाबांचा पूर असतो. पूर्वी एसएमएसच्या काळात तर अशा दिवशी पॅकच चालायचा नाही, सणासुदीला आणि असल्या डेजना प्रत्येक मेसेजचे पैसे कापायचे, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच पाठवून मोकळे व्हायचो. आता ते नाही. रविवारी तिची जेवणं, आवराआवर, थोडी झोप झाली की साडेचारच्या सुमारास ती चहा घेऊन गॅलरीत बसते हे मला माहीत आहे, तेव्हा पाठवला. आधी मेसेज, मग फोटो. उलटं केलं असतं तर फोटो बघून तिने आधीच काहीतरी लिहायला घेतलं असतं. पाठवल्यावर "सूटत" असं दीर्घ पडलेलं दिसलं ते लगेच एडिट केलं, पंधरा मिनिटांत करता येतं, पण मग खाली एडिटेड असं येतं. ते यायला मला उलट बरंच वाटलं, गुलाबाखाली ते कधी येत नाही.

जाता जाता भावाचं सांगते. मी हे करताना तो शेजारी बसून बघत होता, म्हणाला माझ्या मित्राला पण लिहून दे. म्हणलं मी लिहिलं तर ते माझं होईल. पुरुषांचं जरा वेगळंच असतं, त्याने माझ्यासारखं काळे हात वगैरे लिहिलं असतं तर त्या मित्राने विचारलं असतं की पैसे पाहिजेत का. शेवटी त्याने काय केलं, पोवई नाक्याजवळची त्यांची चहाची टपरी बंद झालीय, तिच्या उतरलेल्या शटरचा फोटो पाठवला आणि खाली "आपलं ऑफिस बंद पडलं रे माकडा, उधारी कुणाला द्यायची" एवढंच. मला माझ्या मेसेजपेक्षा तो आवडला खरं तर. त्यात सगळं आहे आणि नऊ शब्द आहेत.

काडीच्या निळ्या टिका लगेच आल्या आणि मग काहीच नाही. टायपिंग दिसायचं, बंद व्हायचं. मी भांडी घासायला गेले. परत आले तर व्हॉइस नोट, चांगली लांबलचक. सुरुवातीला नाक ओढल्याचा आवाज, मग एकदम भांडण. "मोजे नव्हते गं ढमे, रिबिनी होत्या, केसांच्या पांढऱ्या रिबिनी सोडून पुसले मी हात, आणि रिबिनी नाहीत म्हणून बाईंनी मागे पाठवलं, हात त्यांनी बघितलेच नाहीत. काहीही लिहितेस." मग बरणीबद्दल, की तिचं खरं झाकण नाशिकला आहे, तुझ्याकडे फडकं बांधलंय ते त्यामुळेच, झाकण मी आणते. मग नवऱ्याला हाक मारून मेसेजमधलं ते वाक्य वाचून दाखवल्याचा आवाज, आणि त्याचं लांबून "हो हो".

आणि मग इनलँड. "तिथे लिहिलं होतं की मेसचे पैसे भरायचेत, पन्नास रुपये मनीऑर्डर कर, घरी सांगू नकोस. मागायची लाज वाटली म्हणून शेवटी बारीक लिहिलं. तू केली नाहीस. मग मी पुढची दोन-तीन पत्रं टाकलीच नाहीत, तुला वाटलं असेल परीक्षा आहे."

मला खरंच परीक्षाच वाटली होती. मी लगेच यूपीआयवरून पन्नास रुपये पाठवले आणि रिमार्कमध्ये "मेस" लिहिलं. पाचव्या मिनिटाला तिचा मेसेज आला, व्याज कुठंय.